उंची धरून ठेवणारे दोन आकडे

चार पंख्यांचा, एक किलो वजनाचा ड्रोन जमिनीपासून दहा मीटरवर तरंगतो आहे. गुरुत्वाकर्षण त्याला ९.८१ न्यूटन बळाने खाली ओढते आणि चारही पंखे मिळून तेवढ्याच बळाने त्याला वर रेटतात. या वरच्या रेट्याला ड्रोनवाले थ्रस्ट म्हणतात. आता समजा थ्रस्ट फक्त एक टक्क्याने वाढला. हवेचा रोध सोडून दिला, तर दहा सेकंदांनी ड्रोन जवळजवळ पाच मीटर वर गेलेला असेल आणि सेकंदाला एक मीटर वेगाने अजून वरच चाललेला असेल. एक टक्का कमी पडला, तर तेवढाच खाली. हाताने थ्रॉटलची काडी धरून असा ड्रोन एका उंचीवर ठेवू पाहणाऱ्या नवशिक्याची बोटे सतत वरखाली होत राहतात, कारण काडीची ‘बरोबर’ जागा सापडली तरी तिथे ड्रोन फार काळ टिकत नाही.

याचे कारण असे की थ्रस्ट उंची ठरवत नाही. तो वेगही ठरवत नाही. तो फक्त त्वरण ठरवतो, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलावा हे. त्वरण साठत जाऊन वेग होतो, वेग साठत जाऊन उंची होते. आपण वरून थ्रस्ट घालतो आणि खालून उंची मिळते, पण मध्ये साठवणीचे दोन टप्पे आहेत. अशा रचनेला नियंत्रणशास्त्रात दुहेरी इंटिग्रेटर म्हणतात. ड्रोनच्या उभ्या हालचालीचे समीकरण एका ओळीचे आहे:

```
m * z'' = T - m*g
```

इथे `m` म्हणजे वस्तुमान, `z''` म्हणजे उभे त्वरण आणि `T` म्हणजे थ्रस्ट. थ्रस्टचे दोन भाग केले की हे आणखी सोपे होते. पहिला भाग वजन तोलण्यासाठी, म्हणजे `m*g`. तो कायम लावूनच ठेवायचा. उरलेला भाग हालचालीसाठी. तो `m*a` इतका ठेवला, तर गुरुत्वाकर्षण समीकरणातून निघून जाते आणि `z'' = a` एवढेच उरते. ड्रोनचा आकार, पंख्यांची लांबी, मोटरची जात, सगळे त्या पहिल्या भागात गेले. आता प्रश्न एकच: दर क्षणी `a` किती मागायचे?

सुचण्यासारखे पहिले उत्तर असे: ड्रोन हव्या त्या उंचीपेक्षा जितका खाली, तितके जास्त त्वरण वर मागा. प्रत्येक मीटर फरकामागे समजा ४ मीटर प्रति सेकंद वर्ग. या ४ ला प्रपोर्शनल गेन म्हणतात, खूण `kp`. ड्रोन ठरलेल्या उंचीच्या एक मीटर खाली आहे, म्हणून तो जोरात वर निघतो. जवळ येता येता मागणी कमी होत जाते आणि बरोबर ठरलेल्या उंचीवर ती शून्य होते. ऐकायला छान आहे. पण तिथे पोहोचायला लागतात ०.८ सेकंद, आणि पोहोचतेवेळी ड्रोनचा वेग असतो सेकंदाला दोन मीटर. त्याला थांबवणारे त्या क्षणी काहीच नसते. तो सरळ एक मीटर वर निघून जातो, तिथून परत एक मीटर खाली येतो, आणि सुमारे तीन सेकंदांची ही ये-जा चालूच राहते. गेन बदलून काही साधत नाही. तो वाढवला तर हेलकावे जलद होतात, कमी केला तर संथ, पण थांबत नाहीत.

हे कागदावर. प्रत्यक्षात प्रकरण याहून वाईट असते, कारण मोटरला हुकूम मिळाला की पंखा लगेच तितक्या फेऱ्या घेत नाही. एक किलोच्या ड्रोनमध्ये ही ढिलाई सेकंदाच्या विसाव्या ते दहाव्या हिश्शाएवढी धरता येते. दहावा हिस्सा, म्हणजे ०.१ सेकंद धरून तेच समीकरण पुन्हा सोडवले, तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा सुमारे १.८ पट मोठा होत जातो. एक मीटरचा पुढच्या खेपेला १.८ मीटर, मग सव्वातीन. केवळ फरकावर चालणारा नियंत्रक ड्रोनला डोलवत नाही, तो त्याला पाडतो.

उणीव आहे ती वेगाच्या माहितीची. म्हणून नियमात दुसरे पद येते: जितका वेग, तितके त्याच्या उलट त्वरण मागा. हा डेरिव्हेटिव्ह गेन, खूण `kd`. स्कूटरच्या चाकाजवळच्या शॉक अॅब्सॉर्बरमध्ये हेच दोन भाग एकमेकांत बसवलेले असतात. स्प्रिंग चाकाला जागेवर आणते आणि आतले तेल उसळी मारते. `kp` ही स्प्रिंग, `kd` हे तेल.

ड्रोनच्या संगणकात हा पूर्ण नियम लिहायला तीन ओळी पुरतात:

```
e = z_ref - z
a = kp*e - kd*vz
T = m*(g + a) / (cos(roll)*cos(pitch))
```

तिसऱ्या ओळीतला भागाकार कलण्यासाठी आहे. ड्रोन पुढे जायचे असेल तर पुढे झुकतो, आणि झुकला की थ्रस्टचा काही भाग आडवा जातो. ३० अंश झुकल्यावर उभ्या दिशेला फक्त ८७ टक्के उरतो. हा भागाकार विसरलेला ड्रोन प्रत्येक वेळी वेग घेताना खाली बसतो. दुसऱ्या ओळीतही एक बारकावा आहे. तिथे `e` चा बदलण्याचा दर न घेता ड्रोनचा स्वतःचा वेग `vz` घेतला आहे. उंची स्थिर ठेवताना दोन्ही सारखेच, पण चालकाने अचानक ‘आता बारा मीटर’ असे सांगितले की `e` एका क्षणात उडी मारतो, त्याचा दर प्रचंड येतो आणि मोटरना धक्का बसतो. स्वतःचा वेग घेतला की हे टळते.

आता आकडे निवडायचे. वरचा नियम `z'' = a` मध्ये घातला की फरक कसा विरत जाईल हे `s*s + kd*s + kp` या राशीवरून ठरते. अभियंते ती `s*s + 2*zeta*w*s + w*w` अशी लिहितात, कारण मग दोन अनोळखी गेनऐवजी दोन समजणाऱ्या गोष्टी निवडता येतात. `w` म्हणजे ड्रोनने किती चपळ असावे आणि `zeta` म्हणजे हेलकावे किती दाबावेत. `zeta` एक असेल तर ड्रोन ठरलेली उंची न ओलांडता शक्य तितक्या लवकर तिथे येतो. `w` दोन घेऊ (एकक रेडियन प्रति सेकंद), कारण मोटरच्या ढिलाईचा आकडा याच एककात दहा आहे आणि आपण त्याच्या बरेच खाली राहायला हवे. म्हणजे `kp` = २ × २ = ४ आणि `kd` = २ × १ × २ = ४. एवढेच. प्रयोग नाही, चाचपडणे नाही.

या चार-चारच्या जोडीने एक मीटरचा फरक कसा भरून निघतो? पहिल्या सेकंदाअखेर ४१ सेंटिमीटर उरतात, दुसऱ्याच्या शेवटी ९, तिसऱ्याच्या शेवटी २. वाटेतला सर्वांत जास्त वेग सेकंदाला पाऊण मीटरच्या आत. आता `kp` तसाच ठेवून `kd` एकवर आणा: ड्रोन ४४ सेंटिमीटर वर निघून जातो आणि डुलत डुलत बसतो. उलट `kd` बारा केला तर ओलांडत मुळीच नाही, पण तीन सेकंदांनीही ३७ सेंटिमीटर खालीच रेंगाळतो. हे नवख्यांना चकवते. ड्रोन सुस्त वाटतो म्हणून ते `kp` वाढवू लागतात, पण खरा दोष असतो जास्त घातलेल्या तेलाचा.

आता कागदावरचे हे गणित उडत्या यंत्राशी ताडून पाहू. PX4 ही जगभर वापरली जाणारी खुली उड्डाणप्रणाली आहे, तिची मुळे झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात आहेत. तिच्यात उंचीचे नियंत्रण दोन पायऱ्यांनी होते. आधी उंचीतल्या फरकाला `MPC_Z_P` ने गुणून हवा तो वेग काढतात, मग वेगातल्या फरकाला `MPC_Z_VEL_P_ACC` ने गुणून त्वरण काढतात. कारखान्यातून येणाऱ्या किमती आहेत `1.0` आणि `4.0`. कंस सोडवला की `kp` = १ × ४ = ४ आणि `kd` = ४. आपण आत्ता काढले तेच. दुसरी मोठी खुली प्रणाली आर्डुपायलट. तिच्या चौथ्या पिढीतल्या आवृत्त्यांत `PSC_POSZ_P` एक आणि `PSC_VELZ_P` पाच असतो. म्हणजे `kp` आणि `kd` दोन्ही पाच, `w` सुमारे २.२ आणि `zeta` सुमारे १.१. दोन वेगळ्या संचांनी वेगळ्या वाटेने येऊन जवळजवळ एकाच जागी तळ ठोकला आहे. ही जागा ड्रोनच्या वजनावर अवलंबून नाही, कारण वजन आपण आधीच तिसऱ्या ओळीत काढून टाकले. दोनशे ग्रॅमच्या खेळण्याला आणि वीस किलोच्या यंत्राला सुरुवातीला तेच आकडे चालतात, ते यामुळे.

मग हे दोन पायऱ्यांचे लचांड कशाला? मोठ्या फरकासाठी. ड्रोन दहा मीटरवर आहे आणि हुकूम आला तीस मीटरचा. वीस मीटर गुणिले चार म्हणजे ८० मीटर प्रति सेकंद वर्ग. ज्या ड्रोनच्या मोटर वजनाच्या दुप्पट थ्रस्ट देतात, त्याला वर फक्त ९.८ मिळते. थांबलेल्या स्थितीतून अडीच मीटरपेक्षा मोठा फरक आला, की मोटर छताला टेकतात आणि आपले सुंदर गणित लागू राहत नाही. खाली येताना तर आणखी बिकट. साधे पंखे खाली ढकलू शकत नाहीत, फार तर बंद होऊ शकतात. आणि बंद झाले तर ड्रोन नुसता पडत नाही, उलटतोही, कारण त्याचे संतुलन चार पंख्यांच्या थ्रस्टमधल्या फरकावर चालते आणि थ्रस्टच नाही तर फरक कुठून येणार? म्हणून थ्रस्टला खालून मर्यादा ठेवतातच. शिवाय दोन पायऱ्यांच्या मधला वेग तिथल्या तिथे कापतात. PX4 मध्ये वर जाण्याची कमाल मर्यादा सहसा सेकंदाला तीन मीटर असते आणि खाली येण्याची त्याहून कमी, कारण झपाट्याने खाली येणारा पंखा स्वतःच्याच ढवळलेल्या हवेत शिरतो आणि त्याची पकड सुटते.

आतापर्यंत आपण उंची आणि वेग हातात आहेत असे धरून चाललो. माझ्या मते या विषयातली खरी डोकेदुखी गेन नाहीत, `vz` आहे. ड्रोनवरचा छोटा बॅरोमीटर हवेचा दाब मोजतो. समुद्रसपाटीजवळ एक मीटर वर गेले की दाब सुमारे १२ पास्कलने उतरतो, म्हणजे दहा सेंटिमीटरला १.२ पास्कल. एक लाख पास्कलच्या दाबातून एवढा फरक टिपणे हे त्या चिपचे कौतुकच. पण तिच्या वाचनात दहा सेंटिमीटरची थरथर सहज असते. आता या वाचनांतून वेग काढू: सेकंदाला ५० वाचने, दोन वाचनांत ०.०२ सेकंद, दहा सेंटिमीटर भागिले ०.०२ म्हणजे सेकंदाला पाच मीटर. जागच्या जागी तरंगणाऱ्या ड्रोनला वाटते की आपण पाच मीटर वेगाने निघालो. त्याला `kd` च्या चारने गुणा, की २० मीटर प्रति सेकंद वर्गाची मागणी. दर वाचनाला मोटर या टोकाकडून त्या टोकाला. ऐकणाऱ्याला हे मोटरच्या खरखरीत, तुटक आवाजावरून कळते. लॉग काढला तर थ्रॉटलची रेघ करवतीच्या दात्यांसारखी दिसते, आणि तरी उंची फारशी हललेली नसते. मोटर आणि तिचे नियंत्रक मात्र तापलेले असतात.

थरथर गाळून टाकायची म्हटले तर गाळणी उशीर लावते, आणि उशीर म्हणजे मोटरच्या ढिलाईत भर. म्हणून वेग बॅरोमीटरकडून एकट्याने काढतच नाहीत. त्वरणमापक क्षणोक्षणीचे त्वरण सांगतो. ते साठवत गेले की वेग आणि उंची गुळगुळीत मिळते, पण हळूहळू भरकटते. बॅरोमीटर थरथरतो, पण तितका भरकटत नाही. तेव्हा जलद बदलांसाठी पहिल्यावर आणि संथ बदलांसाठी दुसऱ्यावर भिस्त ठेवायची. काल्मन फिल्टर हे काम पद्धतशीर करतो, पण कल्पना एवढीच.

बॅरोमीटरचा आणखी एक दोष कोणताही फिल्टर पूर्ण काढू शकत नाही. सेकंदाला पाच मीटरचा वारा चिपच्या तोंडावर सरळ आदळला तर सुमारे १५ पास्कल दाब वाढतो. ड्रोनच्या लेखी तो सव्वा मीटर खाली गेला, म्हणून तो सव्वा मीटर वर चढतो. लॉगमध्ये उंचीची रेघ सरळच दिसते, कारण ती रेघ त्याच फसलेल्या बॅरोमीटरची असते. जमिनीकडे बघणारा लेझर अंतरमापक असेल तरच चोरी पकडली जाते. चिपवर स्पंजाचा तुकडा चिकटवलेला दिसतो तो याचसाठी. त्याने वाऱ्याचा थेट मार बोथट होतो आणि उजेडाने बिचकणाऱ्या काही चिपांना सावलीही मिळते.

गेन किती वर नेता येतात हेही आता सांगता येईल. समजा कुणाला ड्रोन पाचपट चपळ हवा म्हणून त्याने `w` दहा धरला. सूत्राप्रमाणे `kp` शंभर, `kd` वीस, `zeta` अजून एकच. कागदावर एकही हेलकावा नाही. पण ०.१ सेकंदाची मोटर धरून राशीची मुळे काढली, तर `zeta` जेमतेम ०.१६ निघतो आणि ड्रोन सेकंदाला दोनदा खडखडत डुलतो. तीच मोटर दोनच्या `w` ला मात्र फारसा त्रास देत नाही, तिथे ०.८ च्या वरचे डॅम्पिंग शिल्लक राहते. दुहेरी इंटिग्रेटर हे मॉडेल चुकीचे नाही, ते संथ हालचालींपुरते खरे आहे. डोळ्यांना दिसणारे तीन सेकंदांचे सावकाश हेलकावे म्हणजे `kd` कमी, आणि अर्ध्या सेकंदाची खडखड म्हणजे गेन मोटरच्या ढिलाईपर्यंत पोहोचले.

राहिला तो पहिला भाग, कायम लावून ठेवलेला `m*g`. तो चुकला तर या दोन गेनना ते भरून काढता येत नाही. उंचीत काही फरक राहिल्याशिवाय `kp` जादा थ्रस्ट मागतच नाही, म्हणून ड्रोन तो फरक तसाच धरून बसतो. एक किलो समजून उडवलेल्या ड्रोनवर १०० ग्रॅमचा कॅमेरा लावला, की तो ठरलेल्या उंचीच्या २५ सेंटिमीटर खाली स्थिरावतो. बॅटरी उतरणे हे जास्त फसवे. व्होल्टेज १० टक्के उतरले तर त्याच हुकमाला थ्रस्ट जवळपास १९ टक्के कमी मिळतो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. आपल्या उदाहरणात ड्रोन ५७ सेंटिमीटर खाली बसतो, तोही एकदम नाही, उड्डाणभर थोडा थोडा.

शेतातल्या फवारणीत हीच गोष्ट उलट्या दिशेने घडते. दहा लिटरची टाकी भरलेला साडेचोवीस किलोचा ड्रोन, टाकी संपली की साडेचौदा किलोचा. त्याच्या संगणकाला शेवटपर्यंत साडेचोवीसच सांगितलेले असेल आणि नियमात फक्त `kp` आणि `kd` असतील, तर रिकामा होईपर्यंत तो पिकापासून ठरलेल्या उंचीच्या एक मीटर वर चढलेला असतो. पिकावर दोन-तीन मीटरवरून चालणाऱ्या फवारणीत एक मीटर म्हणजे थेंब वाऱ्यावर शेजारच्या बांधापलीकडे. वजन कमी झाल्याने तेवढाच थ्रस्ट जास्त त्वरण देतो, म्हणून गेनही नकळत १.७ पट झालेले असतात.

यावर दोन उपाय एकत्र वापरतात. आर्डुपायलट तरंगण्यापुरता थ्रॉटल स्वतः शिकून `MOT_THST_HOVER` मध्ये ठेवतो, पण तो घाई करत नाही. ड्रोन जवळजवळ सपाट असेल आणि वरखाली जवळजवळ हलत नसेल, तेव्हाच आणि दहा सेकंदांच्या संथ सरासरीने शिकतो. नाहीतर वर चढतानाचा जोरच तो तरंगण्याचा जोर समजून बसेल. ओळींमागून ओळी फवारत जाणाऱ्या ड्रोनला असे निवांत क्षण कमी मिळतात. त्या वेळी भार घेते तिसरे पद, इंटिग्रल, जे उरलेला फरक साठवत जाऊन थ्रस्ट हळूहळू बदलते. PX4 मध्ये त्याचा गेन `MPC_Z_VEL_I_ACC` दोन असतो. टाकी सात मिनिटांत संपते असे धरले, तर ड्रोन सेकंदाला सुमारे २४ ग्रॅमने हलका होतो, म्हणजे मागणीत सेकंदाला ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्गाचा बदल. एवढ्या संथ बदलामागे इंटिग्रल सहज धावते. मघाच्या एक मीटरऐवजी उरतो तो फरक फक्त अर्ध्या सेंटिमीटरचा. बॅरोमीटरला तो दिसणारही नाही. बॅरोमीटरला पिकाची उंचीही दिसत नाही, म्हणून फवारणीच्या ड्रोनखाली सहसा रडार बसवतात.